प्रोजेक्टर घेऊ का मोठा टीव्ही? आधी भिंतीवरचा उजेड मोजा

प्रश्न: दादा, आमचा फ्लॅट लहान आहे. हॉल 13 बाय 11 फुटांचा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, सोफ्यावर बसलं की समोरची भिंत साधारण 9 फुटांवर येते. डाव्या हाताला मोठी खिडकी आहे. सध्याचा टीव्ही 32 इंची आहे तो बदलायचाय. मिस्टरांना प्रोजेक्टरच हवाय, म्हणतात 100 इंची पडदा मिळेल आणि जागाही अडणार नाही. मला 65 इंची टीव्ही बरा वाटतो. सासूबाई दुपारी सिरीयल बघतात, संध्याकाळी बातम्या, आणि आम्ही दोघं शनिवार-रविवारी रात्री पिक्चर. एका प्रोजेक्टरच्या खोक्यावर 9000 लुमेन लिहिलंय, दुसऱ्यावर 700 अँसी लुमेन. काय घेऊ?

उत्तर: ताई, तुमच्या केसमध्ये टीव्ही घ्या, 65 इंची, आणि निकाल लागला म्हणून मिस्टरांना लगेच चिडवायला जाऊ नका कारण त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, फक्त ज्या घरात ते बरोबर ठरेल ते घर तुमचं नाहीये. का ते नीट सांगतो, म्हणजे घरात वाद झालाच तर आकडे हाताशी असतील.

प्रोजेक्टर घेणारे सगळे इंचांवर भांडतात, खरं भांडण काळ्या रंगावर असतं. टीव्हीला काळं दाखवायचं असेल तर तो तेवढ्या भागातला उजेड अडवतो किंवा बंदच करतो. प्रोजेक्टर फक्त उजेड फेकू शकतो, काळोख फेकू शकत नाही. मग पिक्चरमधला हिरो काळा कोट घालून येतो तेव्हा कोटाच्या जागी प्रोजेक्टर जवळपास काहीच टाकत नाही, आणि तिथे तुम्हाला दिसते ती तुमची भिंत, त्या वेळी जशी असेल तशी. एक काम करा, उद्या दुपारी 3 वाजता पडदे ओढा आणि सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघा. जो काही फिकट राखाडी-पांढरा रंग दिसेल तोच तुमच्या प्रोजेक्टरचा काळा. त्याहून काळं त्या वेळी कुठलाच प्रोजेक्टर साध्या भिंतीवर दाखवू शकत नाही, कितीही महाग आणा.

आता आकडे, घाबरू नका, फक्त भागाकार आहे. 100 इंची चित्र म्हणजे रुंदी 2.21 मीटर आणि उंची 1.25 मीटर, क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर. 700 अँसी लुमेनचा उजेड तेवढ्यावर पसरला तर 700 भागिले 2.75, म्हणजे भिंतीवर साधारण 255 लक्स पडतो. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडले एवढंच. आता खोलीत आधीच किती उजेड आहे ते बघायचं. फोनमध्ये लाइट मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका आणि फोनची पाठ त्या भिंतीला टेकवून धरा, स्क्रीन खोलीकडे, कारण सेन्सर पुढच्या बाजूला असतो. बहुतेक लोक इथेच फोन उलटा धरतात आणि आकडा शून्याच्या जवळ आला म्हणून खूश होतात. तुमचा हातही सेन्सरवर येऊ देऊ नका. फोनचं मीटर काही लॅबमधलं नसतं पण 20 आहे का 200 एवढा फरक ते नक्की दाखवतं आणि आपल्याला तेवढाच हवाय.

समजा साध्या पडद्यातून दुपारी 100 लक्स आला, आणि बाजूला मोठी खिडकी असताना हा आकडा अजिबात जास्त नाहीये. मग भिंतीवर सगळ्यात पांढरी जागा 255 अधिक 100 म्हणजे 355, आणि सगळ्यात काळी जागा 100. साडेतीन पट. बस, एवढ्याच फरकात अख्खं चित्र बसवायचंय, चेहरे, केस, सावल्या, साडीचे रंग सगळं. सासूबाईंना सिरीयल दिसेल, नाही असं नाही, पण धुतल्यासारखी फिकट दिसेल, आणि रात्रीचा सीन आला की कोण कोणाशी बोलतंय ते आवाजावरून ओळखावं लागेल. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी ट्यूबलाइट चालू असली तरी हिशोब साधारण हाच येतो.

त्याच 100 लक्सच्या खोलीत टीव्ही ठेवला तर काय होतं? टीव्हीची काच गडद असते, तिच्यावर पडलेल्या उजेडातला थोडाच भाग पसरून परत आपल्याकडे येतो, पांढरी भिंत मात्र जवळजवळ सगळाच परत पाठवते. वर टीव्हीचा पांढरा भागही जास्त उजळ. निट्स म्हणजे चित्र आपल्या डोळ्यांना किती उजळ दिसतं त्याचं माप, साधा एलईडी टीव्हीसुद्धा 300 निट्सच्या आसपास सहज देतो, आणि आपला 255 लक्सवाला प्रोजेक्टर पांढऱ्या भिंतीवर 80 निट्सपर्यंत पोचतो, तोही त्याच्या सगळ्यात ब्राइट मोडमध्ये, ज्यात चेहरे बऱ्याचदा हिरवट किंवा निळसर दिसतात. रंग जरा माणसात आणणारा सिनेमा मोड लावला की त्यातला तिसरा हिस्सा, कधीकधी अर्धा उजेड गेलाच समजा.

आता मिस्टर म्हणतील, थिएटरमध्ये पण प्रोजेक्टरच असतो की, तिथे कसं मस्त दिसतं. बरोबर आहे, आणि थिएटरच्या पडद्याचं प्रमाण तर फक्त 48 निट्सचं आहे, म्हणजे तुमच्या 80 पेक्षाही कमी. पण तिथे खोली काळी असते. छत काळं, भिंती गडद, खुर्च्या गडद. त्यात नुसती हौस नाहीये, आणि छोट्या फ्लॅटच्या बाबतीत सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तुम्ही रात्री सगळे दिवे घालवले, जाड पडदे लावले, खिडकीतून थेंबभर उजेड येत नाही, तरीही खोली पूर्ण काळी नसते, कारण प्रोजेक्टर स्वतःच त्या खोलीतला दिवा आहे. पडद्यावर उजळ आकाश आलं की तो उजेड भिंतीवरून उसळून छताला, बाजूच्या भिंतींना, पांढऱ्या कपाटाला लागतो आणि तिथून परत चित्रावरच येऊन पडतो. मोठ्या हॉलमध्ये तो लांब जाऊन विरतो, तुमच्या 13 बाय 11 च्या खोलीत छत आणि बाजूची भिंत चित्राच्या कडेपासून हातभर अंतरावर. माझा अंदाज, पांढऱ्या रंगाच्या एवढ्या खोलीत अर्धं चित्र उजळ असेल तर 5 लक्सच्या आसपास उजेड असा परत येतो. 255 ला 5 ने भागा, पन्नासेक पट. साडेतीनच्या मानाने खूपच छान आहे आणि रात्री पिक्चर बघायला मजा येते हे मान्यच, पण खोक्यावर जो 5000:1 वगैरे कॉन्ट्रास्ट छापलेला असतो तो अशा खोलीत मिश्र सीनला कधीच दिसत नाही. पांढऱ्या छोट्या खोलीत जास्त कॉन्ट्रास्टवाल्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजून फारसं काही हाताला लागत नाही. त्यापेक्षा पडद्याजवळचं मीटर-दीड मीटर छत आणि बाजूची भिंत गडद मॅट रंगाची केली तर डोळ्यांना फरक लगेच दिसतो. भाड्याच्या घरात ते कोण करू देणार हा भाग वेगळा.

जागा अडत नाही हा दुसरा मुद्दा, तर तोही टेप घेऊन मोजूया. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो नावाचा एक आकडा असतो, चित्राच्या एका मीटर रुंदीसाठी लेन्स किती मीटर मागे लागते तो. छोट्या घरगुती प्रोजेक्टरमध्ये 1.2 च्या आसपासचा बऱ्याचदा दिसतो. 2.21 गुणिले 1.2 म्हणजे 2.65 मीटर, फुटांत पावणेनऊच्या आसपास. तुमचं डोकं कुठे आहे? 9 फुटांवर. म्हणजे मशीन एकतर तुमच्या दोघांच्या मधोमध टीपॉयवर येणार, पंख्याची घरघर कानाशी आणि गरम हवा मांडीवर, नाहीतर डोक्यावर छताला टांगणार, मग सीलिंग फॅनची पाती किरणांच्या वाटेत येतात का ते बघा, आली तर चित्र सतत फडफडतं. आणि कोणी पाणी प्यायला उठलं की पडद्यावर त्याची सावली.

मग सोफ्यामागच्या भिंतीवर फळी मारू, असं सगळ्यांना सुचतं. मारा, पण खोली 11 फूट म्हणजे 3.35 मीटर, त्यातून मशीनची लांबी आणि मागे वायरींची जागा सोडली तर लेन्स साधारण 3.05 मीटरवर येते. 3.05 भागिले 1.2, रुंदी 2.54 मीटर, म्हणजे चित्र 115 इंची होऊन बसलं. स्वस्त प्रोजेक्टरला खरा, लेन्सचा झूम नसतो, डिजिटल झूम असतो, तो चित्र लहान करतो म्हणजे आतल्या चिपचा मधलाच भाग वापरतो, आजूबाजूचा उजेड आणि पिक्सेल वाया. फळी जरा बाजूला आली आणि चित्र तिरकं पडलं म्हणून कीस्टोन लावला तर तेच, चौकोन सरळ दिसतो पण अक्षरांच्या कडा मऊ पडतात. आणि 115 इंची चित्राला उंची 1.43 मीटर लागते, खालून सोफ्याच्या मानाने 60-70 सेंटीमीटर सोडले तर वरची कड दोन मीटरच्या वर जाते, तेवढी कोरी भिंत, मध्ये स्विचबोर्ड नाही, शोकेस नाही, घड्याळ नाही, आहे का तुमच्याकडे? टीव्ही एक भिंत अडवतो हे खरं, पण प्रोजेक्टर ती भिंत, मागची भिंत, आणि मधली हवासुद्धा अडवतो.

भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरही मिळतात, त्यांना मधली हवा लागत नाही. पण त्यांचा किरण खालून इतका तिरका जातो की भिंतीतला एवढासा फुगवटाही सरळ रेषेला लाट आणतो, त्यामुळे ताणलेला पडदा लागतोच, आणि दिवसा बघायचं तर खालून येणारा उजेड धरणारा आणि वरचा टाळणारा खास पडदा लागतो. एवढं सगळं घेतल्यावर खर्च मोठ्या टीव्हीच्या पुढे जातो आणि समोर टेबलही ठेवावंच लागतं. तुमच्यासाठी नकोच.

त्या 9000 लुमेनवाल्या खोक्याबद्दल. नुसतं "लुमेन" लिहिलं असेल तर तो आकडा कशाचाही असू शकतो, आतल्या एलईडीचा, किंवा लिहिणाऱ्याच्या मनाचा. अँसी लुमेन म्हणजे पडद्यावर पोचलेला उजेड नऊ ठिकाणी मोजून त्याची सरासरी गुणिले चित्राचं क्षेत्रफळ, आयएसओ लुमेनही त्याच जातीचा आकडा. खोक्यावर या दोन्हीपैकी काहीच नसेल तर मी तो आकडा वाचतच नाही, कारण खरोखर हजारो लुमेन फेकणारं मशीन बऱ्यापैकी मोठं, जड आणि गरम असतं, ते वहीएवढ्या हलक्या डबीत मावत नाही. तसंच "4के सपोर्टेड" म्हणजे 4के चित्र आत घेता येतं एवढंच, भिंतीवर फेकताना ते 1280 बाय 720 चंही असू शकतं, म्हणून नेटिव्ह रेझोल्यूशन काय आहे ते शोधा. आणि आतलं अँड्रॉइड प्रमाणित नसेल तर पैसे भरलेलं स्ट्रीमिंगही कमी क्वालिटीत चालतं किंवा उघडतच नाही, मग वेगळी स्टिक लावावी लागते.

मिस्टर कुठे बरोबर ठरले असते तेही सांगतो. घरात दिवसा कोणीच बघत नसतं, फक्त रात्री पिक्चर किंवा मॅच, खिडकीला काळोख करणारे पडदे आहेत, आणि समोर कपाट किंवा खिडकी असल्यामुळे टीव्ही लावायला भिंतच नाही, तर मी डोळे झाकून वरून खाली ओढायचा पडदा आणि प्रोजेक्टर सांगितला असता. पडदा कपाटासमोर उतरवायचा, काम झालं की गुंडाळायचा. आणि तेव्हाही 100 ऐवजी 80 इंची करा म्हणालो असतो, कारण 80 इंचीचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच भरतं, तेच 700 लुमेन तिथे 400 लक्सच्या जवळ जातात. चित्र लहान केलं की उजेड फुकटात वाढतो, हे कोणाला पटत नाही पण करून बघितलं की पटतं. तुमच्याकडे मात्र सासूबाईंची दुपार आणि संध्याकाळच्या बातम्या मिळून बघण्याचा बहुतेक वेळ उजेडातच जातो, आणि शनिवारच्या दोन-तीन तासांसाठी बाकीचा आठवडा फिका करून घेणं मला तरी पटत नाही.

आता 65 च का. 9 फुटांवरून 65 इंची टीव्ही, त्याची रुंदी 144 सेंटीमीटर, नजरेत साधारण 30 अंशांचा कोन भरतो, आणि घरात सिनेमा बघायला निदान एवढा कोन असावा असं सर्वसाधारण धरतात. 55 इंची तिथे लहान वाटेल, 75 इंची पिक्चरला भारी वाटेल, कोन 34 अंशांच्या जवळ जाईल, भिंत आणि बजेट परवानगी देत असेल तर मिस्टरांना तिथपर्यंत नेऊन तडजोड होऊ शकते. दुकानात जायच्या आधी दोन्ही मापांचे चौकोन कागदी टेपने भिंतीवर आखा, 65 चा 144 बाय 81 आणि 75 चा 166 बाय 93 सेंटीमीटर, आणि दोन दिवस तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कुठला मोठा वाटत नाही ते घरच्यांनाच कळतं.

चौकोन आखताना उंची सोफ्यावर बसून ठरवा, उभं राहून नाही. बसल्यावर डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात, टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा, लोक तो देवाच्या फोटोसारखा वर लावतात आणि मग मान दुखते. खिडकी डावीकडे आहे हे बरंय, टीव्हीच्या समोर असती तर काचेत तीच दिसली असती, तरी बंद टीव्हीत खिडकीचं प्रतिबिंब सोफ्यावरून दिसतं का ते पहिल्याच दिवशी तपासा आणि दिसलं तर आर्म पुढे येणारा स्टँड घ्या म्हणजे टीव्ही थोडा वळवता येईल. पॅनेल कुठलं हे सासूबाई कुठे बसतात त्यावर. समोर बसत असतील तर व्हीए, काळं जास्त गडद. बाजूच्या खुर्चीवर बसत असतील तर आयपीएस, बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत.

आणि भिंतीवर न लावता टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर स्पेसिफिकेशनमध्ये बघा, 65 इंचीचे पाय काही मॉडेलमध्ये मीटरच्याही वर लांब असतात, जुन्या 32 इंचीच्या टेबलावर ते बसणार नाहीत. खोकं टीव्हीपेक्षा बरंच मोठं असतं, दीड मीटरच्या वर लांब, आणि ते उभंच न्यायचं असतं, आडवं टाकलं तर पॅनेलला तडा जाऊ शकतो. ऑर्डर देण्याआधी लिफ्टचं दार, आतली खोली आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा, आणि बसत नसेल तर खोकं खालीच उघडून टीव्ही दोघांनी उभा धरून वर आणायची परवानगी डिलिव्हरीवाल्यांकडून आधीच घ्या.